वाऱ्याच्या विरुद्ध परत येताच येईना: शीड घट्ट, नाक वर, तरी होडी आडवीच का सरकत होती?

सागर_नेरुळ
शिडाच्या होडीचा बेसिक कोर्स करतोय. गेटवेसमोरच्या पाण्यात, दर शनिवारी दुपारी. मी नेरुळला राहतो, रोज ट्रेनमधून वाशीची खाडी बघतो, आणि त्या पाण्यात एकदा स्वतः उतरायचंच हे कितीतरी वर्षं मनात होतं. परवा पाचवा दिवस. पहिल्यांदाच एकट्याला लेझर दिली, म्हणजे चौदा फुटांपेक्षा थोडी लहान, एकाच शिडाची होडी.

वारा वायव्येचा होता, नेहमीचा दुपारचा. जाताना काहीच कष्ट नाहीत, शहराकडून वारा पाठीवर, दहा मिनिटांत खूप बाहेर गेलो. पाच वाजता परत फिरलो आणि अडकलो. शिकवलंय ते सगळं केलं. सरळ वाऱ्यात जाता येत नाही, म्हणून ४५ अंश उजवीकडे, मग टॅक घेऊन, म्हणजे नाक वाऱ्यासमोरून पलीकडे फिरवून, ४५ अंश डावीकडे, असं नागमोडी. म्हणजे एकदा नाक उत्तरेला, एकदा पश्चिमेला. शीड जेवढं ओढता येईल तेवढं आत ओढलं होतं. पाऊण तास झाला तरी गेटवे तेवढाच लांब. शेवटी मोटरबोटीने ओढत आणलं.

घरी येऊन घड्याळातला जीपीएसचा माग बघितला. उत्तरेच्या पल्ल्यात होडी प्रत्यक्षात २० अंशांवर, म्हणजे उत्तरेच्या थोडी पूर्वेला चालली होती, वेग दीड नॉट, म्हणजे तासाला दीड सागरी मैल. पश्चिमेच्या पल्ल्यात २३८ अंश, म्हणजे चांगलीच नैऋत्येकडे, वेग २.९ नॉट. दोन पल्ल्यांमधला कोन ९० यायला हवा ना? माझा १४० च्या आसपास येतोय. प्रशिक्षक एवढंच म्हणाले, "होडी घसरतेय, स्पीड नाहीये." पण का घसरतेय? आणि मुळात कापडाला मागून वारा लागल्याशिवाय होडी पुढे जातेच कशी, हेच मला नीट कळलेलं नाही, म्हणून चूक कुठे शोधायची तेही कळत नाहीये.

पामबीच_सायकल
मी रोज सकाळी पामबीचवर सायकल चालवतो. समोरून वारा असला की जीव जातो. हा धागा वाचून वाटलं की सायकलही अशी डावी-उजवीकडे तिरकी चालवली तर वारा कमी लागेल का? कोणी करून बघितलंय?

अभि_घणसोली
सागर, मुळातल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. शीड म्हणजे उभं केलेलं विमानाचं पंख. फुगलेल्या बाजूने हवेला जास्त अंतर कापावं लागतं, आणि दोन्हीकडची हवा मागच्या कडेला एकाच वेळी पोचायची असते. म्हणून फुगलेल्या बाजूची हवा जोरात पळते, तिथला दाब कमी होतो आणि होडी तिकडे ओढली जाते. तळाखाली उभी असते ती कील फक्त वजनासाठी असते, होडी उलटू नये म्हणून. तुझी लेझर हलकी असल्यामुळे घसरली असेल.

अनुराधा_वाशी
अभि, दाबाचा फरक असतो हे बरोबर आहे, पण "एकाच वेळी पोचायची असते" हा भाग सोडून दे. हवेवर असं काही बंधन नाही. फुगीर बाजूची हवा उलट आधीच पोचते. आणि शीड तर नुसतं कापड आहे. त्याच्या दोन्ही बाजूंची लांबी जवळपास सारखीच असते, म्हणजे अंतराचा मुद्दा तिथेच संपतो. शीड हवेची दिशा वळवतं, त्याबद्दल हवा शिडाला उलट ढकलते, एवढं धरून चाललास तरी पाण्यावर पुरतं.

कीलबद्दल: मोठ्या यॉटच्या कीलमध्ये शिसं किंवा लोखंड असतं आणि ते होडी सरळ ठेवतं, हे खरं. पण लेझरच्या बोर्डला, म्हणजे मधून पाण्यात खाली सोडायच्या फळीला, वजन असं काही नसतं, हातात उचलून नेतो आपण. तिथे होडी सरळ ठेवायचं काम तुमचं शरीर करतं, काठावर बाहेर ओणवं होऊन. तरी तो बोर्ड नसेल तर होडी वाऱ्याच्या विरुद्ध एक फूटही चढणार नाही. म्हणजे त्याचं काम दुसरंच आहे.

सागर, मी वीस-एक वर्षं डिंगी चालवतेय, मधली काही वर्षं शिकवतही होते. तुमचा माग फार उपयोगी आहे. पण आधी तीन गोष्टी सांगा. एक, बोर्ड किती खाली होता? म्हणजे डेकच्या वर त्याचा किती भाग दिसत होता? दोन, शिडावरचे लोकरीचे धागे काय करत होते? तीन, पाणी कुठे चाललं होतं, भरती की ओहोटी?

सागर_नेरुळ
ताई, एवढं विचारल्याबद्दल आभार. धाग्यांकडे खरं सांगायचं तर लक्षच दिलं नाही, नजर सगळी गेटवेवर होती. भरती-ओहोटी माहीत नाही.

बोर्डचं मात्र तुम्ही विचारल्यावर फोटो काढून बघितले. मित्राने धक्क्यावरून मोबाईलवर काढलेत. निघताना पाणी उथळ म्हणून बोर्ड अर्धा वर ठेवायला सांगितला होता. बाहेर गेल्यावरच्या फोटोतही तो डेकच्या वर हातभर दिसतोय. म्हणजे मी तो खाली करायचा विसरलो असणार. आणि आता आठवतंय, टॅक घेताना बूमखालची, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याखालची दोरी दर वेळी कशाला तरी अडकत होती. मला वाटलं ती तशीच असते.

अनुराधा_वाशी
ती दोरी बोर्डलाच अडकत होती. लेझरवर ही खूण पक्की लक्षात ठेवा: टॅक घेताना बूमखालची दोरी कशाला घासली तर पहिल्यांदा बोर्ड बघायचा.

आता तुमचा मूळ प्रश्न. वाऱ्याच्या विरुद्ध जाताना शीड होडीच्या मधल्या रेषेपासून साधारण १०-१५ अंशच बाहेर असतं. शिडावरचा जोर जवळपास शिडाला काटकोनात लागतो. डोळ्यांसमोर आणा: शीड जवळजवळ होडीच्या लांबीच्या दिशेने आहे, म्हणजे जोर जवळजवळ पूर्ण आडवा. हिशेब केला तर पाच भाग जोर होडीला बाजूला ढकलतो आणि एकच भाग पुढे. वाऱ्याविरुद्ध जाण्याचं सगळं कसब त्या एका भागावर जगायचं आणि बाकीच्या पाच भागांना कोणीतरी अडवायचं, यात आहे. अडवणारा तो बोर्ड. तुम्ही त्यालाच अर्धा वर ठेवलात.

मेधा_ठाणे
मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना मी हे चिंचोक्याने दाखवते. ओला चिंचोका दोन बोटांच्या चिमटीत तिरका दाबला की तो पुढे सटकतो. दोन्ही बोटं बाजूनेच दाबतायत, पुढे कोणीच ढकलत नाहीये, तरी तो पुढे जातो. एक बोट म्हणजे वारा, दुसरं म्हणजे कीलवरचं पाणी. अनुराधाताई, हे बरोबर आहे ना?

अनुराधा_वाशी
चिंचोका छान आहे, मी वापरणार आता. पण त्यात एक गोष्ट लपते, आणि सागरची चूक नेमकी तिथेच आहे. तुमचं दुसरं बोट आपोआप दाबतं. कीलचं तसं नाही. कील म्हणजे पाण्यातली भिंत नव्हे, ती पाण्यातलं शीड आहे. तीही पाणी वळवते आणि त्यातून आडवा जोर मिळवते. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: होडीला वेग, आणि थोडासा तिरकेपणा. म्हणजे नाक जिकडे आहे त्यापेक्षा होडी तीन-चार अंश खाली, म्हणजे वारा नेतो तिकडे, सरकायलाच हवी. तेवढी घसरण सगळ्यांची होते, जगातल्या सगळ्यात चांगल्या होडीचीही. ती शून्य झाली तर कीलवरचा जोरही शून्य.

आता वेगाचं बघा. हा जोर वेगाच्या वर्गाने बदलतो. समजा ३ नॉटला चार अंश घसरणीत बोर्ड शिडाचा आडवा रेटा पेलतोय. तुम्ही नाक जास्त वर, म्हणजे वाऱ्याकडे, ओढलंत, वेग दीड नॉटवर आला. अर्धा वेग म्हणजे त्याच कोनाला चौथाई जोर. वाऱ्याचा आडवा रेटा मात्र तेवढाच आहे. मग तो पेलायला बोर्डला चार नाही, सोळा अंश तिरकं व्हावं लागेल. आणि तेवढ्या कोनाला बोर्डच्या पाठीमागचं पाणी सुटून भोवरे होतात, जोर उलट कमी होतो. तिथून होडी नुसती आडवी वाहते. तुम्ही बोर्ड अर्धाच बुडवला होता, म्हणजे हे सगळं आणखी लवकर झालं.

पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट, म्हणून एवढ्याशा फळीला एवढं मोठं शीड अडवता येतं. पण चालत्या पाण्यात. थांबलेल्या होडीला कील नसते असंच समजा.

दिवागाव_कोळी
ताई बरोबर बोलतायत. मी ऐरोलीच्या दिवागावचा. आता आमच्या सगळ्या होड्यांना इंजिन आहे, पण माझे आजोबा शिडाची होडी चालवायचे, तिरक्या परबाणाचं, म्हणजे शीड बांधायच्या लांब वाशाचं, एकच मोठं शीड. ते एकच सांगायचे: होडी आधी पळव, मग वर काढ. नाक वर करून बसलास तर खाडी तुला घेऊन जाईल.

आणि आमच्या त्या शिडाने टॅक वाऱ्यासमोरून घेत नसत. परबाण डोलकाठीच्या पुढे लटकलेलं, वाऱ्यासमोर फिरवलं की शीड डोलकाठीवर चिकटतं. म्हणून पाठ वाऱ्याला देऊन, मागून पूर्ण वळसा घालून दुसऱ्या बाजूला जायचे. त्यात मिळवलेली थोडी वाट परत जायची. त्यामुळे अरुंद खाडीत समोरचा वारा असला तर ते भांडत नसत. भरती लागली की निघायचं, ओहोटी लागली की नांगर टाकून बसायचं.

सागर, त्या दिवशी तिथी कुठली होती?

सागर_नेरुळ
तिथी? संकष्टी होती! पक्कं आठवतंय, कारण माझा उपास होता आणि दिवसभर साबुदाण्याच्या खिचडीवर होतो. त्याचा काय संबंध?

दिवागाव_कोळी
सगळा संबंध त्याचाच. तिथीची पाऊणपट केली की मुंबईला पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थी, म्हणजे चारची पाऊणपट तीन. दुपारी तीनला पूर्ण भरती. तिथून नऊपर्यंत ओहोटी. तू पाच ते पावणेसहा तिथे होतास, म्हणजे पाणी चांगलं ओढत होतं, दक्षिणेला, बाहेर. आणि पुनवेनंतर तीन-चार दिवसच झालेले, म्हणजे उधाणाचं पाणी अजून अंगात होतं. तुझा गेटवे वायव्येला आणि पाणी तुला दक्षिणेला नेतंय.

अनुराधा_वाशी
हे मला हवं होतं. मागाकडे बघूनच मला शंका आली होती. ओहोटी असेल तर दोन पल्ले सारखे बिघडत नाहीत. उत्तरेच्या पल्ल्यात पाणी बरोबर तुमच्या तोंडावर येतं, म्हणून दिशा फारशी बदलत नाही पण वेग पडतो. पश्चिमेच्या पल्ल्यात पाणी बाजूने लागतं, म्हणून वेग टिकतो पण वाट दक्षिणेकडे वाकते. तुमच्या मागात हेच दिसतंय: एक पल्ला दीड नॉट, दुसरा २.९. नुसती बोर्डची घसरण असती तर दोन्ही पल्ल्यांचा वेग सारखा आला असता.

समजा ओहोटी एक नॉट होती. ही माझी समजूत आहे, मोजलेली नाही. ती दोन्ही पल्ल्यांतून वजा केली तर होडी पाण्यातून दोन्हीकडे अडीच नॉटने चालली होती, एकदा १२ अंशांवर, एकदा २५८ वर. म्हणजे दोन पल्ल्यांमधला कोन ११४. तुमच्या १४० पैकी पंचवीस-एक अंश ओहोटीचे, आणि ९० च्या वरचे उरलेले चोवीस घसरणीचे, दर पल्ल्याला बारा. बोर्ड पूर्ण खाली असता तर ते चार-पाचवर आले असते.

वाऱ्याच्या दिशेने तुम्ही जमिनीवरून किती चढत होतात? जेमतेम ०.६५ नॉट. एक सागरी मैल चढायला दीड तास. त्याच ओहोटीत बोर्ड खाली ठेवून, शीड जरा सैल सोडून ३ नॉटने गेला असतात तर सव्वा नॉट चढला असतात, जवळजवळ दुप्पट. तुमचं काम अशक्य नव्हतं.

अभि_घणसोली
ताई, हवेबद्दलचं पटलं. शिडाच्या दोन बाजूंची लांबी सारखी, हे मी कधी विचारातच घेतलं नव्हतं. पण "शीड जरा सैल" हे पटत नाही. शीड आत ओढलं की नाक वाऱ्याच्या जास्त जवळ नेता येतं. जास्त जवळ म्हणजे कमी अंतर. ४५ ऐवजी ४० अंशांवर गेलं तर वाट कमी होईलच ना?

अनुराधा_वाशी
कागदावर होईल. पाण्यावर करून बघ. नाक ४५ वर, वेग ३ नॉट आणि घसरण चार-पाच अंश धरली तर वाऱ्याविरुद्ध १.९५ नॉट चढतोस. नाक ४० वर ओढलंस, वेग २ नॉटवर आला आणि घसरण पंधरावर गेली, तर होडी प्रत्यक्षात ५५ अंशांवर चालली आणि चढण १.१५ नॉट. नाक वर दिसतं आणि होडी खाली जाते. नवीन माणसाची फसगत इथेच होते, कारण नाक डोळ्यांसमोर असतं आणि घसरण दिसत नाही.

ती बघायची एक सोपी रीत आहे. मागे वळून सुकाणूमागे पाण्यात उठणारी रेघ बघायची. ती होडीच्या मधल्या रेषेत सरळ मागे जात असेल तर उत्तम. ती वाऱ्याच्या बाजूला कलत असेल तर तेवढी तुमची घसरण. बारा अंश म्हणजे डोळ्यांना स्पष्ट दिसतात.

आणि शीड किती ओढायचं ते धागे सांगतात. शिडाच्या पुढच्या कडेजवळ दोन्ही बाजूंना लोकर असते. वाऱ्याकडचा धागा फडफडायला लागला तर तुम्ही वाऱ्याच्या फार जवळ आहात किंवा शीड सैल आहे. पलीकडचा धागा, जो कापडातून अंधुक दिसतो, तो लोंबला किंवा गोल फिरायला लागला तर शीड फार घट्ट आहे. शीड बाहेरून ताठ, सुंदर दिसतं, पण पाठीमागची हवा सुटलेली असते. सागरचं बहुतेक तेच झालं. दोन्ही धागे मागे सरळ वाहत ठेवायचे. त्यासाठी दोरी हातभर सोडायची, नाक पाच अंश खाली द्यायचं, वेग येऊ द्यायचा, आणि मग हळूहळू वर. वेग आला की समोरून भासणारा वाराही वाढतो आणि पुढे सरकतो, त्याचंही बघावं लागतं, पण ते नंतर.

पामबीच_सायकल
थांबा, हे भासणाऱ्या वाऱ्याचं सांगा ना. पामबीचवर हवा शांत असली तरी मला २५ च्या वेगात समोरून वारा लागतो. आणि वारा बाजूने असला तरी तो समोरून तिरका वाटतो. हेच का?

अनुराधा_वाशी
हेच. शिडाला झाडांच्या पानांना लागणारा वारा कळत नाही, तुमच्या चेहऱ्याला सायकलवर लागतो तो कळतो. म्हणून होडी वेग घेते तेव्हा वारा आणखी समोरून आल्यासारखा वाटतो आणि शीड थोडं आत घ्यावं लागतं. क्रम महत्त्वाचा आहे: आधी वेग, मग आत.

तिरक्या सायकलचं उत्तर नाही असं आहे, कारण तुम्ही वाऱ्यातून जोर काढतच नाही आहात, पायातून काढताय. नागमोडी गेल्याने अंतर तेवढं वाढेल. होडीला ते अंतर परवडतं कारण सरळ वाऱ्यात तिला जोरच मिळत नाही, शीड नुसतं फडफडतं. ४५ अंशांच्या नागमोडीत एका मैलाला सुमारे १.४ मैल पडतात.

मेधा_ठाणे
हे सगळं वाचून रविवारी गच्चीवर करून बघितलं, दोन विद्यार्थी आले होते. लहान मुलांचा प्लास्टिकचा टब, थर्माकोलची होडी, बांबूच्या काडीवर जाड कागदाचं शीड, टेबल फॅन सगळ्यात कमी वेगावर. खाली काही न लावता शीड कुठल्याही कोनात ठेवलं तरी होडी पंख्यापासून लांब वाहत गेली, नाक कुठेही असो. मग तळात चीर पाडून सहा इंचाची पट्टी उभी खोचली. लगेच फरक पडला! होडी वाऱ्याला आडवी, टबच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला सरळ गेली. मुलं ओरडलीच.

पण पंख्याकडे चढायला तयार होईना. फार तर थोडं चढली आणि गोल फिरून पंख्यासमोर तोंड करून थांबली. कुठे चुकलं?

अनुराधा_वाशी
मेधाताई, आडवी गेली हेच मोठं यश आहे. गोल फिरून वाऱ्यासमोर थांबते म्हणजे पट्टी फार पुढे बसली. पाण्यातली पकड पुढे आणि शिडाचा जोर मागे असेल तर वारा शेपूट ढकलतो आणि नाक वाऱ्यात वळतं. पट्टी अर्धा इंच मागे न्या. फार मागे गेली तर उलट होईल, नाक वाऱ्यापासून लांब पळेल. मागे एक छोटं न हलणारं सुकाणू चिकटवलंत तर आणखी शांत चालेल.

पंख्याची हवा गोल फिरत येते, तीही त्रास देते. पंखा आणखी लांब ठेवा. तरीही थर्माकोलची बोथट होडी फार चढेल असं मला वाटत नाही. ती पाणी कापत नाही, ढकलते. पुढे जाणारा तो एक भाग जोर तिथेच खर्च होतो.

दिवागाव_कोळी
आमच्या जुन्या होड्यांना बोर्ड नव्हता, पण तळाखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब लाकूड होतं. ताई, ते अडवायचं काम करत होतं का? कारण आजोबांची होडी चढायची, पण ४५ ला नक्कीच नाही.

अनुराधा_वाशी
करत होतं. पण लांब आणि उथळ. तेवढंच लाकूड खोल आणि अरुंद लावलं तर जास्त चांगलं अडवतं, कारण उथळ कीलच्या खालच्या कडेवरून पाणी सहज पलीकडे निसटतं. खाडीत मात्र खोल कील घेऊन गेलात तर पहिल्याच चिखलात रुताल. ठाण्याच्या खाडीत ओहोटीला किती पाणी उरतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. आजोबांची होडी त्या पाण्यासाठी बरोबर होती.

सागर_नेरुळ
आज परत जाऊन आलो. बोर्ड पूर्ण खाली, दोनदा हात लावून खात्री केली. टॅक घेताना दोरी कुठेच अडकली नाही. पहिल्या पल्ल्यात सवयीने शीड ओढलं आणि धाग्याकडे बघितलं तर पलीकडचा धागा खरंच गोल फिरत होता. दोरी हातभर सोडली, नाक थोडं खाली दिलं, आणि होडीचा आवाज बदलला. तळाखाली पाणी खळखळायला लागलं. मागे बघितलं तर रेघ जवळजवळ सरळ.

एकदा टॅकमध्ये अडकलो, वाऱ्यासमोर नाक करून होडी उभीच राहिली आणि मागे जायला लागली. प्रशिक्षकांनी ओरडून सांगितलं तसं बूम हाताने एका बाजूला ढकलून धरली, टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, तोही त्याच बाजूला ढकलला, नाक फिरलं आणि सुटलो. नंतर कळलं की मी वेग नसताना वळायला गेलो होतो. पुढच्या प्रत्येक टॅकच्या आधी दहापर्यंत मोजून वेग येऊ दिला, परत अडकलो नाही.

स्वतःच्या शिडावर गेटवेला परत आलो! माग बघितला. उत्तरेचा पल्ला ४ अंश, साडेतीन नॉट. पश्चिमेचा पल्ला २७५ अंश, तीन नॉट. दोघांमधला कोन ९०! म्हणजे घसरण संपली?

अभि_घणसोली
जबरदस्त, अभिनंदन! १४० वरून ९०. म्हणजे सगळा दोष बोर्डचाच होता तर.

दिवागाव_कोळी
आज एकादशी ना? अकराची पाऊणपट सव्वाआठ. रात्री सव्वाआठला पूर्ण भरती, म्हणजे दुपारी दोननंतर भरती चढत होती. आज पाणी तुझ्या बाजूने होतं, सागर.

अनुराधा_वाशी
सागर, मनापासून अभिनंदन, परत आलात हे तुमचंच. पण ९० बघून घसरण संपली असं समजू नका. पल्ल्यांचा वेग परत वेगवेगळा आहे बघा, या वेळी उत्तरेचा जास्त. अष्टमी-नवमीच्या आसपास पाण्याचा जोर कमी असतो, म्हणून अर्धा नॉट भरती धरली. ती वजा केली तर तुम्ही पाण्यातून ५ आणि २६५ अंशांवर चालला होतात, ३ नॉटने. कोन १००. म्हणजे दर पल्ल्याला पाच अंश घसरण आहेच, भरतीने ती झाकली. पाच अंश पाचव्या-सहाव्या दिवशी फार चांगले आहेत.

माझा अर्धा नॉट बरोबर की चूक हे मात्र तुमच्या मागातून ठरणार नाही. गेटवेसमोर वाराही इमारतींवरून येतो, दर काही मिनिटांनी दहा-दहा अंश फिरतो, आणि तो फरक या हिशेबात मी धरलेलाच नाही. पुढच्या वेळी निघताना नांगरलेल्या होड्यांजवळून जा आणि बॉयाच्या कुठल्या बाजूला पाण्याची शेपटी उठलीय ते बघा, ती किती लांब आहे तेही.

दिवागाव_कोळी
आणि एक करवंटी घेऊन जा. बॉयाजवळ पाण्यात सोडायची आणि मिनिटभर बघायची. एक नॉट पाणी मिनिटाला साधारण तीस मीटर नेतं. करवंटी वाऱ्याने फारशी सरकत नाही, म्हणून पाण्याचं बरंचसं खरं सांगते.

सागर_नेरुळ
करवंटी घेऊन जातो. पुढच्या शनिवारची तिथी आत्ताच बघितली. अमावास्येनंतरची तीज आहे, म्हणजे सव्वादोनला पूर्ण भरती आणि पाचला परत तशीच ओहोटी, परत उधाणाची. त्याच पाण्यात त्याच जागेवरून परत येऊन बघायचं आहे, या वेळी बोर्ड खाली ठेवून. आकडे इथे टाकतो.

मेधा_ठाणे
पट्टी अर्धा इंच मागे घेतली, मागे सुकाणू चिकटवलं, पंखा खोलीच्या दारात ठेवला. टब चार फुटांचा आहे, एका कडेपासून दुसरीपर्यंत जाताना होडी आता हातभर पंख्याकडे चढते. थर्माकोलचं पुढचं टोक ब्लेडने निमुळतं केलं तेव्हाच हे झालं, त्याआधी नाही. मुलांनी आता पट्टीऐवजी जुनी सीडी कापून खोल, अरुंद कील लावायची ठरवलंय. रुंद आणि उथळ पट्टीबरोबर तिची तुलना करतो आहोत.